सर, आज येता येणार नाही. सातवी ‘ब’चा तास मात्र असा घ्यावा

शाळा अकराला भरते आणि पावणेअकराला परिपाठाची घंटा होते. त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक लांबट वही उघडी असते. कुणी तिला बदली तासांची वही म्हणतं, कुणी ऑफ तासांचं रजिस्टर. आज कोण आलं नाही, त्यांचे कोणते तास कोणत्या वर्गावर आहेत आणि त्या वेळी कोण मोकळं आहे, एवढंच तिच्यात लिहायचं असतं. पर्यवेक्षक समोर वेळापत्रक पसरून नावं टाकतात, मग शिपाई वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत सह्यांसाठी फिरतो. स्वतःचं नाव दिसलं की सही करता करता एक सुस्कारा निघतो. दिवसातला एकमेव मोकळा तास गेलेला असतो, त्यात वह्या तपासायच्या राहिलेल्या असतात, आणि वर्गात जाऊन नेमकं काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं.

शिक्षक अचानक गैरहजर राहणं ही काही अपवादाची गोष्ट नाही. 2003 साली जागतिक बँकेशी संबंधित अभ्यासकांनी भारतभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी दिल्या, तेव्हा दर चार शिक्षकांमागे साधारण एक जण शाळेत सापडला नाही. पाहणीतल्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचं प्रमाण सर्वांत कमी, 14.6 टक्के होतं. पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरलेले मायकेल क्रेमर या अभ्यासगटात होते. त्या आकड्यांवरून शिक्षकांवर बरीच झोड उठली. 2017 साली अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या 619 शाळांमध्ये जाऊन आणखी एक प्रश्न विचारला: जे जागेवर नव्हते ते होते कुठे? जागेवर नसलेले शिक्षक साडेअठरा टक्क्यांच्या आसपास निघाले, पण काहीही कारण नसताना दांडी मारलेले जेमतेम अडीच टक्के. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा कुठल्या तरी सरकारी कामावर होते. म्हणजे बहुतेक गैरहजेरी कळवण्याजोगी असते. ती कशी कळवली जाते, यावर त्या दिवशी चाळीस-पन्नास मुलांचं काय होणार हे बरंचसं ठरतं.

कळवण्याची नेहमीची तऱ्हा शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज दिसते. ‘आज तब्येत बरी नसल्यामुळे शाळेत येऊ शकत नाही, क्षमस्व.’ खाली पाच-सहा जण हात जोडलेली चिन्हं टाकतात, एखादा ‘काळजी घ्या’ लिहितो. मुख्याध्यापक त्या वेळी दुचाकीवर असतात आणि निरोप पाहतात तो थेट परिपाठ संपल्यावर. तोपर्यंत सातवी ‘ब’मध्ये डस्टर उडायला लागलेलं असतं.

म्हणून जुने मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना पहिली गोष्ट सांगतात ती फोनची. आधी फोन करायचा, एका मिनिटात ‘येत नाही’ हे सांगायचं आणि तपशील मागाहून लिहून पाठवायचा. फोनने खबर पोचल्याची खात्री होते. लिहिलेला निरोप मात्र तसाच्या तसा पुढे पाठवता येतो, बदली तासावर जाणाऱ्याला मोबाइलवर वाचता येतो आणि फळ्यावर उतरवता येतो. फोनवर सांगितलेली चार उदाहरणं पर्यवेक्षकांमार्फत वर्गापर्यंत जाताना दोनच उरतात, आणि त्यातल्या एकाचे आकडे बदललेले असतात.

एक उदाहरण घेऊन बघू. तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा आहे, पस्तीस मिनिटांचे आठ तास. गणिताच्या एक बाई सातवी ‘ब’च्या वर्गशिक्षिका आहेत. मंगळवारी सकाळी घरात सासूबाई घसरून पडल्या आणि नऊ वाजता बाई दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत उभ्या आहेत. मुख्याध्यापकांना फोन झाला. आता त्या उभ्या उभ्या मोबाइलवर लिहितायत:

‘सर, नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे आज मंगळवारी येऊ शकत नाही, घरी तातडीची वैद्यकीय अडचण आहे. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत नक्की कळवते. किरकोळ रजेचा अर्ज हजर झाल्यावर देते.

माझे आजचे तास: पहिला सातवी ब, तिसरा नववी अ, चौथा सातवी अ, सातवा आठवी क.

सातवी ब ची हजेरी पहिल्या तासाला घ्यावी लागेल. कॅटलॉग माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, खणाला कुलूप नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली आहे, पण कपाटातलं आज काही लागणार नाही. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी माझी देखरेख आहे, तिथे कुणाला तरी सांगावं लागेल.

सातवी ब आणि सातवी अ: समप्रमाण-व्यस्तप्रमाण शिकवून झालं आहे, आज फक्त सराव. काम खाली वेगळं पाठवते, दोन्ही वर्गांना तेच द्यावं. नववी अ: कालच्या सरावसंचातली शेवटची दोन उदाहरणं, उत्तरं पुस्तकामागच्या उत्तरसूचीत आहेत. आठवी क: मराठीच्या मॅडमशी बोलले आहे. आज सातवा तास त्या त्यांचाच विषय घेतील, गुरुवारी त्याच वर्गावरचा त्यांचा तिसरा तास मी घेईन. आपली परवानगी असावी.’

निरोप लांबलेला वाटेल. पण मुख्याध्यापकांच्या बाजूने वाचला तर त्यात एकही शब्द वाया गेलेला नाही. ‘येत नाही’ आणि ‘कोणते तास’ या दोन गोष्टी वरच आहेत, त्यामुळे वही लगेच भरता येते. आजार कुणाचा, पडल्या कशा, डॉक्टर काय म्हणाले, हे त्यात नाही. ते फोनवर एकट्या मुख्याध्यापकांना सांगून झालं आहे, शिक्षकांच्या सगळ्या गटाला ते कळायचं कारण नाही. ‘उद्याचं सहापर्यंत कळवते’ या वाक्याची किंमत वेळापत्रक लावणाऱ्यालाच कळते, कारण एक दिवसाची रजा तीन दिवसांवर गेली तर तासांची मांडणी मुळापासून बदलावी लागते.

किल्लीचं वाक्यही सहज आलेलं नाही. घटक चाचणीच्या दिवशी प्रश्नपत्रिका कपाटात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये आणि पर्स दवाखान्यात, असा प्रसंग न आलेली शाळा शोधून काढावी लागेल. शिक्षकाच्या गैरहजेरीत तास बुडतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं. तासांना चिकटलेली बारीकसारीक कामं कुणाच्या लक्षात येत नाहीत. कॅटलॉग, परिपाठाची पाळी, जिन्यावरची देखरेख, प्रयोगशाळेचं कुलूप, आणि आठवीपर्यंतचे वर्ग असतील तर पोषण आहारासाठी हजर मुलांचा आकडा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना भात किती टाकायचा हे त्या आकड्यावरून ठरतं.

आठवी ‘क’ची अदलाबदल ही या निरोपातली सर्वांत हुशारीची जागा म्हणावी लागेल. बदली तासावर आलेल्या शिक्षकांना बहुतेक वेळा स्वतःचाच विषय पुढे ढकलायचा असतो. अभ्यासक्रम कुणाचाच पुरा झालेला नसतो. मराठीच्या बाई गणिताच्या तासाला कविता शिकवून जातात, मुलांनाही ते चालतं, पण गणिताचा तास मात्र कायमचा जातो. आधीच अदलाबदल ठरली की दोन्ही विषयांचे तास तितकेच राहतात आणि बदली तासावर जाणाऱ्याचीही कुरकुर नसते. अट एकच: दोघांचा तास त्याच तुकडीवर हवा आणि परत द्यायचा तास त्याच आठवड्यात ठरलेला हवा. ‘नंतर कधीतरी देईन’ म्हटलेला तास परत मिळत नाही, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं.

मात्र सगळे तास असे बदलता येत नाहीत. सातवी ‘ब’वर पहिल्या तासाला कोण मोकळं आहे ते पाहिलं तर हिंदीचे सर. त्यांनी गणित सोडून पंचवीस वर्षं झाली. म्हणून दुसऱ्या संदेशातली सूचना बाईंना त्यांच्यासाठी लिहायची आहे, आणि चुका नेमक्या इथेच होतात.

सर्वांत जास्त दिसणारी सूचना म्हणजे ‘मुलांना स्वाध्याय सोडवायला सांगा’. तिचं वर्गात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. पुढच्या बाकावरच्या पाच-सहा मुली दहा मिनिटांत सगळं सोडवून मोकळ्या होतात. मधल्या बाकांवरची मुलं त्यांच्या वह्या मागून घेतात. मागच्या बाकांवर पेनांची लढाई सुरू होते. विसाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, ‘सर, हे कसं करायचं?’ आणि हिंदीचे सर म्हणतात, ‘तुमच्या बाई आल्या की विचारा.’ हे एक वाक्य उच्चारलं की तास संपला. उरलेली पंधरा मिनिटं नुसती शांतता राखण्यात जातात.

दुसरी चूक याच्या उलट. उत्साही शिक्षक नवा पाठच सुरू करायला सांगतात: ‘पुढचं प्रकरण वाचून घ्या, संकल्पना समजावून सांगा.’ विषय न शिकवणाऱ्या माणसाने घाईत समजावलेली संकल्पना दुसऱ्या दिवशी आधी पुसावी लागते आणि मग पुन्हा शिकवावी लागते. गणित आणि विज्ञानात तर हा धोका फारच. म्हणून बदली तासाला नवं काही नको. शिकवून झालेलं, पण अजून पक्कं न झालेलं, तेच द्यावं. वर्गाला काय येतं आणि कुठे अडखळतं हे नेहमीच्या शिक्षकालाच ठाऊक असतं. समप्रमाण-व्यस्तप्रमाणात मुलं आकडेमोडीत क्वचित अडतात. प्रश्न वाचून आधी प्रकार ओळखण्यात अडतात. बाईंनी तासासाठी नेमकी तीच जागा निवडली:

‘सर, हजेरीनंतर ही चार उदाहरणं फळ्यावर लिहावीत. 1) 5 वह्या 140 रुपयांना, तर 8 वह्या कितीला? 2) 8 मजुरांना शेताची निंदणी करायला 6 दिवस लागतात, तर 12 मजुरांना किती? 3) एक सदरा उन्हात वाळायला 2 तास लागतात. शेजारी शेजारी 5 सदरे वाळत घातले तर किती वेळ लागेल? 4) बस ताशी 40 किमी वेगाने गेली तर 3 तास लागतात, ताशी 60 ने गेली तर?

पहिली पाच मिनिटं कुणीही गणित करायचं नाही. प्रत्येक उदाहरणापुढे फक्त सम, व्यस्त किंवा दोन्ही नाही एवढंच लिहायचं. मग शेजारच्याशी पडताळून बघायचं आणि जोडीने पंधरा मिनिटांत सोडवायचं. शेवटची दहा मिनिटं उत्तरांवर चर्चा. उत्तरं: 224 रुपये, 4 दिवस, 2 तास, 2 तास.

दुसऱ्याचं उत्तर कुणी 9 दिवस सांगेल. चूक म्हणून सांगू नये, एवढंच विचारावं: मजूर वाढले तर काम लवकर उरकेल की उशिरा? तिसऱ्याला बरेच जण 10 तास म्हणतील. त्यावर मुलांनाच भांडू द्यावं. वह्या गोळा करायच्या नाहीत, पण 9 आणि 10 उत्तर किती जणांचं आलं ते हात वर करायला लावून लिहून ठेवावं.’

ही सूचना गणिताचे सूत्र विसरलेल्या माणसालाही वापरता येते. उत्तरं दिलेली आहेत, म्हणजे सरांना वर्गासमोर अडखळायची भीती नाही. त्याहून महत्त्वाचं, चुकीची उत्तरंही आधीच सांगितली आहेत. 12 ला 8 ने भागून 6 ने गुणलं की 9 येतात, हे सरांना माहीत असायची गरज नाही. 9 ऐकू आले की मुलाने मजुरांचं गणित वह्यांसारखं केलं आहे, एवढं कळलं की पुरे. त्यावर विचारायचा प्रश्न शेतात खुरपणीला गेलेल्या कुणालाही विचारता येईल. आणि सदऱ्यांचं उदाहरण तर गणिताचं नाहीच म्हणा ना. ऊन सगळ्या सदऱ्यांवर एकाच वेळी पडतं, सदरे वाढले म्हणून वेळ वाढत नाही आणि कमीही होत नाही. दोरी लांब आहे हे ‘शेजारी शेजारी’ या दोन शब्दांत आलं आहे, नाहीतर एखादा बेरकी मुलगा ‘सर, दोरीवर एकच मावतो’ म्हणून दहा तासच बरोबर ठरवील. हिंदीचे सर या प्रश्नावर वाद मस्त रंगवू शकतात. बदली तासावर आलेल्या माणसाला जे चांगलं जमतं त्यावर काम बेतावं, हा याच्यामागचा विचार आहे.

वेळेची वाटणीही बघण्यासारखी आहे. हजेरी आणि फळ्यावर लिहिण्यात पाच मिनिटं, मग पाच, पंधरा, दहा: पस्तीस भरली. चार उदाहरणांच्या ऐवजी दहा दिली असती तर चर्चेला वेळच उरला नसता, दोन दिली असती तर विसाव्या मिनिटाला पेनांची लढाई. लवकर संपवणाऱ्यांसाठी बाईंनी शेवटी एक ओळ टाकली होती: ‘ज्यांचं आधी झालं त्यांनी दोन्ही नाही प्रकारचं एक उदाहरण स्वतः तयार करावं.’ हे काम दिसतं सोपं, पण हुशार मुलांनाही चांगलं घाम फोडतं.

मुलांबद्दल काय लिहावं, यावर शिक्षकांमध्ये दोन मतं आहेत. काही जण ‘मागच्या बाकावरचे तिघे वात्रट आहेत, लक्ष ठेवा’ असं आवर्जून लिहितात. याचा परिणाम ठरलेला: बदली शिक्षक वर्गात शिरतात तेच त्या तिघांकडे बघत, आणि तिघांनाही ते कळतं. त्यापेक्षा जे खरंच माहीत असायला हवं तेवढं लिहावं. एखाद्याला फिट येते, एकीला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून ती पहिल्या बाकावर हवी, दोन भावंडांना घरचे बारा वाजता न्यायला येणार आहेत. आणि मॉनिटरचं नाव. वर्गातल्या खडूपासून पंख्याच्या बटणापर्यंत सगळं मॉनिटरला ठाऊक असतं, मॉनिटरची मदत घेतली की अर्धा वर्ग आपोआप जागेवर बसतो.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत मात्र हे चित्र लागू पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात. त्यातले एक आले नाहीत की दुसऱ्यांसमोर पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका खोलीत येऊन बसतात. ऑफ तासाचा प्रश्नच नाही, बदली तासाची वही नाही, आणि बहुधा मुख्याध्यापकही त्या दोघांपैकीच एक असतात, म्हणून निरोप केंद्रप्रमुखांनाही जातो. तिथे पाठवलेलं काम शिक्षक समोर नसतानाही चालणारं हवं. तिसरीतल्या मुलीने पहिलीतल्या दोघांना बेरजेची कार्डं दाखवायची, चौथीने पाठातला उतारा वाचून त्यावर तीन प्रश्न काढायचे आणि ते तिसरीला विचारायचे, असं काही. शिक्षक कुणाच्या बाजूला बसून राहतील हेही आधीच ठरवून सांगावं लागतं. तिथले शिक्षक तो वेळ बहुतेक पहिलीला देतात, आणि ते बरोबरच आहे. अक्षरं गिरवणारं मूल एकटं सोडलं की उलट्या दिशेने गिरवायला लागतं.

बुधवारी गणिताच्या बाई शाळेत आल्या तेव्हा टेबलावर हिंदीच्या सरांची चिठ्ठी होती. पट 46, हजर 43. दुसऱ्याचं उत्तर 9 सांगणारे 14, तिसऱ्याचं 10 सांगणारे 27. खाली एक ओळ: ‘एक जण म्हणाला, पावसाळ्यात सदरा दोन दिवस वाळत नाही.’ चौदा जणांचं निंदणीचं गणित वह्यांसारखं झालं होतं, म्हणून बाईंनी त्या दिवशी नवं प्रकरण सुरू केलं नाही. दहा मिनिटं त्यांनी मजूर, नळ आणि वेग यांच्या उदाहरणांवर घालवली आणि सोडवण्याआधी प्रत्येकाच्या तोंडून ‘वाढलं तर काय होईल?’ हे वदवून घेतलं. सदऱ्यांवर त्यांनी वेळ घालवला नाही. 27 हा आकडा मोठा दिसतो, पण ती फसगत एकदा झाली की मुलं पुन्हा सहसा फसत नाहीत. मजुरांची चूक मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत सोबत येते.

सरांनी चिठ्ठी लिहिली ती बाईंनी नेमकं काय मोजायचं ते सांगितलं होतं म्हणून. ‘तास कसा झाला ते कळवा’ असं लिहिलं असतं तर ‘छान झाला’ एवढंच उत्तर आलं असतं.

काही शाळांनी यातून एक सोय काढली आहे. जूनमध्येच प्रत्येक शिक्षकाकडून प्रत्येक वर्गासाठी एकेक सरावपत्र घ्यायचं आणि कार्यालयात फाइलला लावून ठेवायचं. कुणी निरोपही पाठवू शकलं नाही, अपघात झाला, फोन बंद पडला, तर फाइलमधलं पान काढून वर्गात न्यायचं. सोय चांगली, पण तिला वयोमर्यादा आहे. जूनमधलं पान दिवाळीपर्यंत शिळं होतं. मुलांनी ते एकदा सोडवलेलं असतं किंवा त्यातलं आता सगळ्यांना येत असतं. जिथे ही पद्धत टिकली आहे तिथे पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर पानं बदलतात आणि वापरलेल्या पानावर तारीख व तुकडी लिहितात. जिथे तारीख लिहीत नाहीत, तिथे सातवी ‘ब’ने एकच पान तीनदा सोडवलेलं असतं आणि तिसऱ्या वेळी मुलं प्रश्न न वाचताच उत्तरं लिहितात.

रजेचा अर्ज बाईंनी बुधवारीच दिला. मोबाइलवरच्या निरोपाने अर्जाचं काम भागत नाही. मस्टरवर मंगळवारच्या चौकोनात ‘कि.र.’ पडते ती सही केलेल्या कागदावरून. गुरुवारी तिसऱ्या तासाला त्या आठवी ‘क’वर हजर होत्या आणि मराठीच्या बाई शिक्षकांच्या खोलीत वह्यांचा गठ्ठा तपासत बसल्या होत्या.